प्रॉक्टर्ड परीक्षेचा प्लॅन निवडताना आधी रेकॉर्डिंगचे दिवस मोजा

ऑनलाइन प्रॉक्टर्ड परीक्षेचे प्लॅन पाहायला बसलं की तीन आकडे समोर येतात: परीक्षार्थी किती, प्रश्नपेढीत प्रश्न किती आणि रेकॉर्डिंग किती दिवस ठेवलं जाणार. बहुतेक जण ते याच क्रमाने वाचतात, कारण भाव परीक्षार्थींच्या संख्येवर ठरतो. रेकॉर्डिंगचा आकडा तक्त्यात खाली कुठेतरी असतो आणि तिथपर्यंत पोहोचेस्तोवर निर्णय जवळपास झालेला असतो. प्रमाणपत्र परीक्षांचं नियोजन मी काही वर्षं केलं आहे. आता मी हा तक्ता खालून वर वाचते, आणि त्याला कारण घडलं.

आमच्या एका परीक्षेत एका मुलीच्या सेशनवर ‘खोलीत दुसरी व्यक्ती’ असा फ्लॅग लागला. तपासणाऱ्याने तो ग्राह्य धरला आणि तिचा निकाल रोखला गेला. परीक्षेनंतर ३७व्या दिवशी तिचा अर्ज आला: मागच्या भिंतीवर आजोबांचा फ्रेम केलेला फोटो आहे, त्याखेरीज खोलीत कुणीच नव्हतं. मी डॅशबोर्ड उघडला. सेशनच्या नावापुढे प्ले बटणाच्या जागी ‘रेकॉर्डिंग उपलब्ध नाही’ एवढंच होतं. आमचा प्लॅन ३० दिवसांचा होता. रिपोर्टमध्ये अंगठ्याएवढं एक स्थिर चित्र उरलं होतं आणि त्यात तिच्या खांद्यामागे एक धूसर चेहरा दिसत होता. तो फोटो आहे की माणूस हे ठरवायचं तर चेहरा हलतो का हे पाहावं लागतं, आणि एका चित्रात ते कळत नाही. तिला पुन्हा परीक्षा द्यावी लागली. चूक आमची होती आणि भुर्दंड तिला पडला, ही गोष्ट मला अजून बोचते.

पुढचं सगळं एकाच उदाहरणावर मांडते. समजा, एक संस्था वर्षातून दोनदा परीक्षा घेते. दर वेळी ९०० जणांची नोंदणी होते, पेपर ५० प्रश्नांचा आणि ७५ मिनिटांचा असतो, आणि एकाच दिवशी तीन शिफ्ट लावून प्रत्येक शिफ्टमध्ये ३०० जण बसतात.

पायरी १: शेवटच्या अपिलाच्या निकालापर्यंतचे दिवस मोजा

कॅलेंडर घ्या आणि परीक्षेचा दिवस शून्य धरा. फ्लॅग लागलेली सेशन्स पाहून संपायला १२ दिवस लागतात. निकाल २५व्या दिवशी लागतो. आक्षेपासाठी १५ दिवस दिले की ४०वा दिवस येतो. समिती ३० दिवसांत निर्णय देते, म्हणजे ७०. त्यावर दुसऱ्या अपिलाची सोय असेल तर अर्जाला २० आणि निर्णयाला ३० दिवस धरा, की १२० झाले. सुट्ट्या आणि उशीर यांसाठी आणखी १५ दिवस ठेवले तर १३५ होतात.

३० दिवसांच्या प्लॅनमध्ये रेकॉर्डिंग निकालानंतर पाचच दिवसांनी नष्ट होतं, आणि तेव्हा आक्षेपाची मुदत अजून दहा दिवस बाकी असते. ९० दिवसांचा प्लॅन पहिल्या समितीला पुरतो, पण दुसऱ्या अपिलाचा निर्णय येईपर्यंत टिकत नाही. या संस्थेला १८० दिवसांचा प्लॅन हवा, किंवा ९० दिवसांचा चालेल पण निवडक सेशन्स वेगळी राखून ठेवण्याची सोय हवी. काही प्लॅटफॉर्मवर ही सोय ‘होल्ड’ नावाने असते: सेशनवर खूण केली की ती काढेपर्यंत ते डिलीट होत नाही. माझा कल या दुसऱ्या पर्यायाकडे आहे. ९०० जणांच्या घरातला सव्वा तासाचा व्हिडिओ आणि ओळखपत्रांचे फोटो सहा महिने साठवून ठेवण्यापेक्षा, वादातली वीस-पंचवीस सेशन्स तेवढी ठेवणं परीक्षार्थींच्या दृष्टीने कितीतरी बरं. मात्र होल्ड आक्षेप अर्ज आल्याच्या दिवशीच लावायचा आणि ते काम कुणाचं हे नावानिशी ठरलेलं असायला हवं. तपासणीत ग्राह्य धरलेल्या प्रत्येक फ्लॅगवर तर अर्जाची वाट न पाहताच लावा.

आता ‘९० दिवस’ म्हणजे नेमकं काय हे विचारायला हवं, कारण घड्याळ कधी सुरू होतं यावर बरंच अवलंबून असतं. काही ठिकाणी ते त्या परीक्षार्थीचं सेशन संपल्यापासून चालू होतं, काही ठिकाणी परीक्षा ‘बंद’ केल्यापासून. त्याहून महत्त्वाचं म्हणजे प्लॅन मध्येच संपला किंवा खालच्या प्लॅनवर आलात तर काय होतं? वर्षाचा करार परीक्षेनंतर चाळीस दिवसांनी संपत असेल, तर ९० दिवसांचं रेकॉर्डिंग कराराबरोबरच जाऊ शकतं. करार संपण्याची तारीख आणि शेवटच्या परीक्षेची तारीख शेजारी लिहून पाहा.

मुदत संपल्यावर काय काय जातं, हेही वेगळं विचारा. कॅमेऱ्याचा व्हिडिओ, स्क्रीनचं रेकॉर्डिंग, आवाज, ओळखपत्राचा फोटो, प्रॉक्टरशी झालेली चॅट, फ्लॅगची वेळेनिशी यादी आणि उत्तरपत्रिका या सात गोष्टींची मुदत सारखी असेलच असं नाही. आमच्या बाबतीत फ्लॅगची यादी राहिली आणि तिला आधार देणारा व्हिडिओ गेला. आरोप शिल्लक आणि पुरावा गायब, ही परीक्षार्थीसाठी सर्वांत वाईट स्थिती आहे.

‘लागलं तर आपण डाउनलोड करून ठेवू’ असं वाटतं, तेव्हा आधी हिशेब करून पाहा. कॅमेरा ३०० आणि स्क्रीन २०० किलोबिट प्रतिसेकंद धरली तर ७५ मिनिटांचं, म्हणजे ४,५०० सेकंदांचं एक सेशन सुमारे २८० एमबीचं होतं. ९०० सेशन्सचे जवळपास २५० जीबी झाले. ५० एमबीपीएसच्या लाइनवर, वेग पूर्ण मिळाला तरी, ते उतरायला अकरा तास लागतात. तेही सगळं एकत्र उतरवण्याची सोय असेल तर. एकेक सेशन उघडून सेव्ह करायचं असेल तर ते ९०० वेळा करावं लागेल. शिवाय एकदा ते तुमच्या डिस्कवर आलं की ते सांभाळण्याची आणि वेळेवर पुसण्याची जबाबदारीही तुमचीच. म्हणून डाउनलोड हा मार्ग मोजक्या वादग्रस्त सेशन्सपुरताच ठेवावा.

या मुदतीत रेकॉर्डिंग पाहणार कोण, हेही इथेच ठरवा. २०२१ मध्ये प्रॉक्टरयू या कंपनीने केवळ स्वयंचलित फ्लॅगवर चालणारी सेवा विकणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. फ्लॅग लागलेल्या सेशन्सपैकी साधारण ११ टक्केच संस्थांकडून प्रत्यक्ष तपासली जातात, असं तेव्हा तिने सांगितलं होतं. आपल्या उदाहरणात १५ टक्के सेशन्सना फ्लॅग लागले असं धरू. म्हणजे १३५ सेशन्स झाली. प्रत्येकी आठ मिनिटं दिली तर १८ तासांचं काम होतं. दोन जणांनी रोज दोन तास बसायचं म्हटलं तर पाच दिवसांत उरकतं आणि १२ दिवसांच्या आत सहज बसतं. हा वेळ कुणाकडेच नसेल, तर माणसांकडून तपासणी समाविष्ट असलेला प्लॅन घ्या.

पायरी २: प्लॅन ‘परीक्षार्थी’ कसा मोजतो ते शोधा

पानावर ‘१,००० परीक्षार्थी’ लिहिलेलं असतं आणि आपल्याकडे ९०० आहेत, म्हणजे पुरलं असं वाटतं. पण हा शब्द निदान तीन अर्थांनी वापरला जातो. नोंदणी केलेला प्रत्येक जण, परीक्षेला बसलेला प्रत्येक जण, किंवा सुरू झालेलं प्रत्येक सेशन. तिसऱ्या अर्थात आणखी फाटे आहेत. मॉक टेस्ट धरतात का? इंटरनेट तुटून परत आलेला माणूस नवीन सेशन मानला जातो का?

हे विक्री प्रतिनिधीला विचारा, पण त्याच्या उत्तरावर थांबू नका. ट्रायल खात्यात अर्ध्या तासात खात्री करून घेता येते. चार नावं नोंदवा. पहिल्या दोघांनी परीक्षेला बसायचंच नाही. तिसऱ्याने परीक्षा सुरू करायची, मध्येच वाय-फाय बंद करून पाच मिनिटांनी परत यायचं आणि पेपर पूर्ण करायचा. चौथ्याने तीन वेळा मॉक टेस्ट देऊन मग एकदा खरी परीक्षा द्यायची. नंतर डॅशबोर्डवर वापराचा आकडा पाहा. (काही ठिकाणी तो दुसऱ्या दिवशी बदलतो, म्हणून एक दिवस थांबा.)

आकडा ४ असेल तर नोंदणी मोजली जाते आणि गैरहजर लोकांचेही पैसे जातात. २ असेल तर बसलेली माणसं मोजली जातात, मॉक आणि पुन्हा जोडणी यांचा भार नाही. ३ दिसला तर मॉक मोफत आहे, पण तुटलेली जोडणी दोनदा धरली जाते. ५ म्हणजे मॉक मोजली जाते आणि पुन्हा जोडणी माफ आहे. ६ म्हणजे सगळंच मोजलं जातं.

आपल्या संस्थेला याने किती फरक पडतो ते बघा. ९०० पैकी ६ टक्के गैरहजर राहिले तर ८४६ बसले. मॉक टेस्ट सक्तीची असेल आणि बसलेल्यांनी ती एकेकदा दिली असेल, तर आणखी ८४६. चार टक्के लोकांची जोडणी तुटली तर साधारण ३४. सगळं मोजणाऱ्या प्लॅनमध्ये एका परीक्षेला १,७२६ खर्च होतात आणि हजारांची मर्यादा शेवटच्या शिफ्टपर्यंतही पोहोचत नाही. माणसं मोजणाऱ्या प्लॅनमध्ये तीच परीक्षा ८४६ मध्ये होते. मर्यादा ओलांडल्यावर जादा आकार लागतो की लॉगिनच बंद होतं, हे लेखी घ्या. जादा आकार परवडतो. तिसऱ्या शिफ्टच्या मुलांना दारातच अडवलं जाणं परवडत नाही. हजारांचा आकडा वर्षाचा आहे की महिन्याचा, हेही पाहून घ्या, कारण आपल्या परीक्षा वर्षात दोन आहेत.

मॉकचा खर्च वाचवायला ती ऐच्छिक करण्याचा मोह होतो. तसं करू नका. कॅमेऱ्याची परवानगी, स्क्रीन शेअरिंग, जुना ब्राउझर या अडचणी मॉकमध्ये दिसल्या नाहीत तर परीक्षेच्या दिवशी दिसतात.

दुसरी मर्यादा एकाच वेळी किती जण जोडलेले असू शकतात याची असते. तीन शिफ्ट, प्रत्येकी ३००, म्हणून ३०० ची मर्यादा पुरेल असं कागदावर दिसतं. वेळापत्रक जरा बारकाईने मांडू. पहिली शिफ्ट १० वाजता सुरू होते आणि २० मिनिटं उशिरापर्यंत प्रवेश मिळतो, म्हणजे शेवटचा साधा परीक्षार्थी ११:३५ ला संपवतो. दिव्यांग परीक्षार्थींना एक तृतीयांश, म्हणजे २५ मिनिटं जादा दिली, तर उशिरा आलेला असा परीक्षार्थी १२ वाजेपर्यंत जोडलेला असतो. दुसऱ्या शिफ्टची ओळख-तपासणी अर्धा तास आधी उघडते आणि ती सुरू झाली की बहुतेक प्लॅटफॉर्मवर ते जोडलेलं सेशनच असतं. दुसरी शिफ्ट ११:३० ला ठेवली तर ११ पासूनच दोन शिफ्टची माणसं एकमेकांवर चढतील, आणि मर्यादा भरली की नव्या लोकांना ‘थोड्या वेळाने प्रयत्न करा’ असा संदेश दिसेल. दुसरी शिफ्ट १२:३० च्या आत ठेवायची नसते, ती या हिशेबामुळे. वेळ मागेपुढे करणं शक्यच नसेल तर एकाच वेळची मर्यादा ३५० ते ४०० पर्यंत वाढवून घ्या.

पायरी ३: प्रश्नपेढी किती मोठी हवी

‘५०० प्रश्नांपर्यंत’ म्हटलं की पन्नास प्रश्नांच्या पेपरला दहापट साठा झाला असं वाटतं. पण प्रत्यक्षात काय होतं हे पाहू. प्रत्येकाला पेढीतून आपोआप ५० प्रश्न उचलून दिले, तर कुठल्याही दोन परीक्षार्थींमध्ये सरासरी किती प्रश्न सारखे येतील, याचं गणित सोपं आहे: पेपरमधल्या प्रश्नांचा वर्ग भागिले पेढीतले प्रश्न. पेढी १५० ची असेल तर २,५०० ÷ १५० म्हणजे साधारण १७ प्रश्न सारखे. ५०० ची असेल तर ५. एकाच वेळी बसलेल्या दोन मित्रांनी एकमेकांना विचारायचं ठरवलं तर हा आकडा कामाचा आहे.

तीन शिफ्ट असल्या की मात्र तो फसवतो. पहिल्या शिफ्टचे ३०० जण ५०० च्या पेढीतून प्रत्येकी ५० प्रश्न पाहतात, म्हणजे एकेक प्रश्न सरासरी ३० जणांच्या डोळ्यांखालून जातो. तासाभरात प्रश्न बाहेर फिरू लागले तर दुसऱ्या शिफ्टसाठी जवळजवळ संपूर्ण पेढी फुटलेली असते. म्हणून एक मोठी पेढी सगळ्या शिफ्टना वापरण्यापेक्षा तिचे तीन वेगळे भाग करावेत. प्रत्येक शिफ्टला १५० चा स्वतःचा साठा ठेवला की शिफ्टमध्ये सरासरी १७ प्रश्न सारखे येतील. ते प्रश्नांचा आणि पर्यायांचा क्रम बदलून आणि मागे जाण्याची मुभा काढून बऱ्यापैकी सांभाळता येतं. शिफ्टांमध्ये मात्र काहीच सारखं राहत नाही. तीन भागांची काठिण्यपातळी सारखी राखणं हे शिक्षकांचं काम आहे, ते प्लॅटफॉर्म करणार नाही.

एकूण आकड्यापेक्षाही मी सर्वांत लहान कप्पा बघते. समजा, अभ्यासक्रमाचे पाच घटक आणि प्रत्येकात सोपे, मध्यम, कठीण असे तीन प्रकार आहेत. म्हणजे पंधरा कप्पे. तिसऱ्या घटकाच्या कठीण प्रश्नांमधून ४ उचलायचे आहेत आणि कप्प्यात ५ च प्रश्न आहेत. तिथे वरच्याच गणिताने १६ ÷ ५, म्हणजे चारपैकी तीनाहून अधिक प्रश्न सगळ्यांना तेच येणार, पेढी एकूण पाचशेची असली तरी. कठीण प्रश्न लिहायला वेळ लागतो, म्हणून हेच कप्पे रिकामे राहतात आणि गुणांचा फरकही तिथेच पडतो. प्रश्न टाकून झाले की कप्पेवार संख्या काढा आणि जिथे उचलायच्या संख्येच्या तिपटीहून कमी प्रश्न असतील तिथे आधी भर घाला.

आता मर्यादेकडे येऊ. आपल्याला ४५० प्रश्न हवेत आणि प्लॅन ५०० चा आहे. तो प्रश्न कसे मोजतो? पेपर दोन भाषांत असेल तर काही ठिकाणी प्रत्येक भाषेतला प्रश्न वेगळा धरला जातो आणि ४५० चे ९०० होतात. उताऱ्याखालचे पाच उपप्रश्न एक की पाच? दुरुस्ती केल्यावर जुनी आवृत्ती मोजली जाते का? ट्रायलमध्ये एक द्विभाषिक प्रश्न आणि पाच उपप्रश्नांचा एक उतारा टाकून काउंटर किती वाढतो ते पाहा. काउंटर २ ने वाढला तर हरकत नाही. ७ ने वाढला तर भाषा आणि उपप्रश्न दोन्ही वेगळे मोजले जात आहेत.

दुसऱ्या परीक्षेच्या वेळी अडचण येते ती इथे. नवीन प्रश्न टाकायला जागा नसते, म्हणून कुणीतरी जुने डिलीट करतं. काही प्लॅटफॉर्मवर डिलीट केलेला प्रश्न जुन्या उत्तरपत्रिकांमधूनही नाहीसा होतो. अपील चालू असलेल्या मुलाची उत्तरपत्रिका उघडली की ‘प्रश्न १७’ च्या जागी कोरी चौकट दिसते. रेकॉर्डिंग जपलं, पण त्यात तो कुठल्या प्रश्नावर अडला होता हेच कळत नाही. म्हणून वापरलेला प्रश्न ‘आर्काइव्ह’ करता येतो का आणि आर्काइव्ह केलेले प्रश्न मर्यादेत धरतात का, हे विचारा. पहिल्या पायरीत काढलेल्या १३५ दिवसांच्या आत वापरलेला एकही प्रश्न डिलीट करायचा नाही, असा नियम ठेवा.

पेढी बाहेर काढता येते का, हे शेवटी तपासा. क्यूटीआय हे प्रश्नांच्या देवाणघेवाणीचं प्रचलित स्वरूप आहे आणि बरेच प्लॅटफॉर्म ते देतात. पण बटण असणं पुरेसं नाही. वीस प्रश्न निर्यात करा, त्यात एक चित्राचा, एक सूत्राचा आणि एक नकारात्मक गुणांचा घ्या, आणि तीच फाइल दुसऱ्या रिकाम्या खात्यात परत भरा. चित्र हरवणं, सूत्राचा साधा मजकूर होणं आणि गुण शून्यावर येणं हे बिघाड त्यात लगेच दिसतात. केवळ एक्सेल फाइल मिळत असेल तर चित्रं हाताने पुन्हा जोडावी लागतील असं धरून चाला.

पायरी ४: उत्तरं लेखी घ्या आणि मग भाव विचारा

आपल्या संस्थेची मागणी आता एका ईमेलमध्ये मावते. रेकॉर्डिंग ९० दिवस, सेशन संपल्यापासून, आणि त्यापुढे निवडक सेशन्सवर होल्ड. करार संपला तरी ही मुदत कायम. वर्षाला निदान १,८०० परीक्षार्थी, मॉक आणि पुन्हा जोडणी न मोजता. मर्यादा ओलांडल्यास लॉगिन बंद होणार नाही. एकाच वेळी ३५० जण. चालू प्रश्न ५००, आर्काइव्ह वेगळे, आणि चित्रांसह निर्यात. ही वाक्यं करारात किंवा त्याच्या जोडपत्रात आली पाहिजेत. ‘आमच्याकडे तसंच होतं’ हे फोनवरचं आश्वासन ३७व्या दिवशी कामाला येत नाही.

एखादी कंपनी होल्ड देत नसेल पण १८० दिवसांचा वरचा प्लॅन देत असेल, तर तो घ्या आणि स्वतःहून आधी डिलीट करण्याची सोय मागा. अपिलाची मुदत संपल्यावर वादाबाहेरची सेशन्स लगेच पुसून टाकता येतील. परीक्षार्थींना प्रवेशपत्रासोबतच सांगा की तुमचं रेकॉर्डिंग अमुक तारखेपर्यंत राहील आणि आक्षेप घ्यायचा तर या तारखेआधी घ्या.

डिलीट होणार असलेल्या तारखेच्या दहा दिवस आधीची एक आठवण कॅलेंडरवर लावा. त्या दिवशी आक्षेप अर्जांची यादी आणि होल्ड लावलेल्या सेशन्सची यादी समोरासमोर ठेवून प्रत्येक नाव ताडून पाहायचं. मी हे काम दुसऱ्या कुणावर सोपवत नाही.